कॉलेजने विंडोजची फाईल दिली, घरात मात्र क्रोमबुक आणि टॅब : व्हीपीएन लावायचं कसं?

रमजानच्या सुट्टीत घरी आलेली मुलं-मुली आम्हाला एक प्रश्न हमखास विचारतात. पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला शिकायला असताना हॉस्टेलच्या वायफायवर ज्या संशोधन पत्रिका एका क्लिकमध्ये उघडत होत्या, त्याच पत्रिका मेहकर, चिखली किंवा मलकापूरच्या घरी बसून उघडायला गेलं की पैसे मागतात. लायब्ररीला फोन केला तर उत्तर मिळतं, ‘व्हीपीएन लावा’. मग एक मेल येतो आणि त्यात विंडोजवर चालणारी एक फाईल असते. आता घरात विंडोजचा लॅपटॉपच नसेल तर काय करायचं? अब्बूंनी शिष्यवृत्तीच्या पैशात थोडी भर घालून क्रोमबुक घेऊन दिलंय, धाकट्या भावाकडे अँड्रॉइडचा टॅब आहे, आणि त्या फाईलवर दोन्हीकडे क्लिक केलं तरी काहीच होत नाही.

काही होणारही नाही. ज्या फाईलच्या नावाशेवटी .exe असतं ती विंडोजसाठीच बांधलेली असते. क्रोमबुक आणि टॅब ती चालवू शकत नाहीत, आणि ‘चालवून देतो’ म्हणणाऱ्या दुकानदाराला त्यासाठी पैसे देण्यातही अर्थ नाही. पण व्हीपीएन ही काही त्या फाईलची मालमत्ता नाही. ती फाईल म्हणजे नुसता एक दरवाजा. समोरचा सर्व्हर ज्या पद्धतीने बोलतो त्याच पद्धतीने बोलणारा दुसरा दरवाजा क्रोमबुकमध्ये बहुतेक वेळा आधीपासूनच असतो. तो शोधायचा कसा आणि उघडायचा कसा, हे आज पाहू.

आधी एक गोष्ट तपासून घ्या, कदाचित पुढचं सगळं वाचायची गरजच पडणार नाही. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झाली आहे. सरकारी विद्यापीठं, सरकारी महाविद्यालयं आणि केंद्राच्या संशोधन संस्था यांना तिच्यातून ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं मिळतात. गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ या संस्थेकडे तिचं काम आहे. याच संस्थेची ‘इन्फेड’ नावाची सोय आहे. तिच्यात तुमच्या कॉलेजच्या नावाने लॉगिन करता येतं आणि मग तुम्ही घरी आहात की कॅम्पसवर, याने फरक पडत नाही. म्हणून लायब्ररीला पहिला प्रश्न हा विचारा : ‘आपल्याकडे इन्फेडचं लॉगिन आहे का?’ उत्तर ‘हो’ असेल तर व्हीपीएन विसरा. ब्राउझर उघडा, प्रकाशकाच्या पानावर संस्थेमार्फत लॉगिन करण्याचा पर्याय निवडा, काम झालं.

उत्तर ‘नाही’ असेल, किंवा तुम्हाला कॉलेजच्या आतल्या सर्व्हरवर काम करायचं असेल, किंवा घरून नोकरी करताना कंपनीच्या आतल्या पोर्टलवर जायचं असेल, तर मात्र व्हीपीएनच लागेल.

व्हीपीएन नेमकं करतं काय

इंटरनेटवर प्रत्येक जोडणीला एक आकडी पत्ता असतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. प्रकाशकाच्या सर्व्हरला तुमचा चेहरा दिसत नाही, हा पत्ता दिसतो. पत्ता कॉलेजचा असला की तो दार उघडतो, तुमच्या मोबाईल कंपनीचा असला की पैसे मागतो. व्हीपीएन तुमच्या क्रोमबुकपासून कॉलेजच्या सर्व्हरपर्यंत एक कुलूपबंद नळी टाकतं. तुमची मागणी या नळीतून आधी कॉलेजात जाते आणि तिथून कॉलेजच्या पत्त्याने बाहेर पडते. एवढंच. पुढे जे बिघाड सांगणार आहोत त्यातले बरेचसे ‘कोणती मागणी नळीतून गेली आणि कोणती बाहेरून गेली’ या एकाच प्रश्नाशी येऊन थांबतात, तेव्हा ही नळी लक्षात राहू द्या.

सर्व्हर कोणत्या भाषेत बोलतो?

नळी टाकायच्या अनेक पद्धती आहेत आणि दोन्ही टोकांना पद्धत एकच लागते. म्हणून कॉलेजच्या संगणक विभागाला मेल करताना ‘माझ्याकडे क्रोमबुक आहे, चालत नाही’ एवढंच लिहू नका. त्याचं उत्तर ‘विंडोज वापरा’ असंच येतं. तीन गोष्टी विचारा : तुमचं व्हीपीएन कोणत्या प्रकारचं आहे, सर्व्हरचा पत्ता काय आहे, आणि लॉगिनसाठी नाव-पासवर्ड लागतो, गुप्त शब्द लागतो की कॉन्फिगरेशन फाईल लागते.

उत्तर येईपर्यंत विंडोजची सूचनापत्रिका नीट बघा, बहुतेकदा प्रकार तिथेच दिसतो. चित्रांमध्ये फोर्टिनेट, पालो आल्टो किंवा सिस्को या कंपनीचं नाव असेल तर रस्ता सर्वांत सोपा आहे. या तिघांचीही अँड्रॉइड ॲप्स प्ले स्टोअरवर आहेत. FortiClient VPN, GlobalProtect आणि Cisco Secure Client अशी त्यांची नावं आहेत. क्रोमबुकवर प्ले स्टोअर चालू असेल तर तिथेही हीच ॲप्स चालतात. ॲप घेताना खाली कंपनीचं नाव तेच आहे ना, हे बघून घ्या, कारण मिळत्याजुळत्या नावाची भलतीच ॲप्स तिथे पडलेली असतात. ॲपमध्ये सर्व्हरचा पत्ता आणि आपलं नाव-पासवर्ड टाकायचा. एक अडचण मात्र येऊ शकते. काही संस्था जोडणी देण्याआधी समोरच्या यंत्राची तपासणी करतात, म्हणजे अँटीव्हायरस आहे का, विंडोज कोणतं आहे वगैरे. अशा वेळी पासवर्ड बरोबर असूनही क्रोमबुकला नकार मिळतो. तिथे तुमच्या हातात काही नाही, संगणक विभागालाच सूट द्यावी लागते.

सूचनापत्रिकेत कोणत्याच कंपनीचं नाव नसेल आणि L2TP/IPsec किंवा IKEv2 असं लिहिलेलं असेल, तर क्रोमबुकला कोणतंही ॲप लागत नाही. Settings उघडा, Network मध्ये जा, Add connection दाबा आणि Add built-in VPN निवडा. जी खिडकी उघडेल तिच्यात Service name म्हणजे तुम्ही ठेवाल ते नाव, Provider type म्हणजे प्रकार, आणि Server hostname म्हणजे सर्व्हरचा पत्ता. त्याखाली Pre-shared key मागितली तर संस्थेने दिलेला सामाईक गुप्त शब्द लिहायचा. हा शब्द सगळ्या विद्यार्थ्यांना एकच असतो. तुमचा स्वतःचा पासवर्ड वेगळा, आणि या दोन रकान्यांची अदलाबदल ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे.

टॅबच्या बाबतीत इथे एक फाटा फुटतो. अँड्रॉइड १२ पासून पुढच्या टॅबमध्ये L2TP ची नवी जोडणी बनवताच येत नाही. तो पर्याय काढून टाकला आहे, तिथे फक्त IKEv2 चे प्रकार उरले आहेत. म्हणजे एकाच घरात, एकाच माहितीवर, क्रोमबुक जोडलं जातं आणि नवा टॅब जोडला जात नाही. टॅब बिघडलेला नसतो. जुना टॅब आणि आयपॅड यांच्यावर मात्र L2TP अजून चालतं. आयपॅडवर हा पर्याय Settings, General, VPN & Device Management या वाटेने सापडतो.

मेहकरच्या मुलीचं उदाहरण

आता एक पूर्ण उदाहरण घेऊ. नाव सांगत नाही, पण प्रकरण असं आहे : मेहकरची एक मुलगी, रसायनशास्त्रात एम.एस्सी. करणारी. घरी क्रोमबुक, भावाचा टॅब, आणि इंटरनेट म्हणजे वालिदांच्या मोबाईलचा हॉटस्पॉट. संस्थेकडून आधी .exe आली. प्रकार विचारल्यावर ‘वायरगार्ड’ असं उत्तर आलं आणि सोबत एक छोटी फाईल आली. तिच्या नावाशेवटी .conf होतं. वायरगार्ड ही त्यातल्या त्यात नवी पद्धत. ती २०२० मध्ये लिनक्सच्या मूळ गाभ्यात आली आणि क्रोमबुकच्या प्रकारांच्या यादीतही ती आहे. फाईल उघडली की साध्या अक्षरांत साधारण असं दिसतं. इथला पत्ता आणि आकडे आम्ही नमुन्यासाठी टाकले आहेत :

```
[Interface]
PrivateKey = xxxxxxxx
Address = 10.20.8.14/32
DNS = 10.20.0.53

[Peer]
PublicKey = yyyyyyyy
Endpoint = vpn.example.ac.in:51820
AllowedIPs = 10.20.0.0/16
PersistentKeepalive = 25
```

वरचा भाग तुमच्या यंत्राचा, खालचा भाग सर्व्हरचा. PrivateKey ही तुमच्या कुलपाची किल्ली, ती कुणाला पाठवायची नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नाहीच. Address हा नळीच्या आत तुम्हाला मिळालेला पत्ता. Endpoint म्हणजे सर्व्हर कुठे बसलाय ते, आणि शेवटचा 51820 हा त्याच्या दाराचा क्रमांक. PersistentKeepalive समोर 25 असलं की दर २५ सेकंदांनी एक छोटी हाक जाते. त्यामुळे मोबाईल कंपनी जोडणी रिकामी समजून बंद करत नाही.

टॅबवर हे काम दोन मिनिटांचं आहे. प्ले स्टोअरवरून WireGuard ॲप घ्यायचं, अधिकच्या चिन्हावर बोट ठेवायचं, फाईलमधून आयात करायचा पर्याय निवडायचा आणि Downloads मधली .conf दाखवायची. बटण सरकवलं की टॅब एकदा विचारतो, ‘या ॲपला व्हीपीएन जोडू द्यायचं का?’ हो म्हटलं की वर किल्लीचं चिन्ह दिसतं. क्रोमबुकवरही हेच ॲप घेता येतं आणि फाईल आयात करता येते. बहुतेकांनी हाच मार्ग धरावा असं आमचं मत आहे. कारण क्रोमबुकच्या स्वतःच्या खिडकीत WireGuard निवडलं तर फाईलमधला प्रत्येक आकडा आपल्याला एकेक रकान्यात चिकटवावा लागतो, आणि किल्लीच्या शेवटचं = हे चिन्ह कॉपी करताना हमखास सुटतं. ते एक चिन्ह सुटलं तरी किल्ली चालत नाही.

तरी आतल्या खिडकीचा एक फायदा सांगायला हवा. तिथे क्रोमबुक स्वतःच किल्लीची जोडी बनवू शकतं. मग गुप्त किल्ली यंत्रातच राहते, आणि तुम्ही फक्त उघडी किल्ली म्हणजे Public key संस्थेला मेल करायची. गुप्त किल्ली मेलमधून फिरत नाही, हे जास्त सुरक्षित. संस्थेची तयारी असेल तर हा मार्ग उत्तम.

आता या मुलीच्या घरी काय झालं ते बघा, कारण खरी शिकवण यातच आहे. तिने ॲप लावलं, बटण हिरवं झालं, संस्थेचं आतलं पोर्टल उघडलं. पण पत्रिका उघडायला गेली तर प्रकाशक पुन्हा पैसे मागू लागला. जोडणी आहे की नाही? आहे. मग? उत्तर वरच्या फाईलमधल्या एका ओळीत आहे : AllowedIPs = 10.20.0.0/16. या ओळीचा अर्थ ‘फक्त 10.20 ने सुरू होणारे पत्ते नळीतून जाऊ द्या, बाकी सगळं बाहेरून’. संस्थेचं पोर्टल 10.20 मध्ये आहे, म्हणून ते उघडलं. प्रकाशकाचा सर्व्हर परदेशात कुठेतरी आहे, त्याचा पत्ता वेगळा, म्हणून ती मागणी नळीला वळसा घालून सरळ मोबाईल कंपनीच्या पत्त्याने गेली. प्रकाशकाला कॉलेज दिसलंच नाही.

यावर उपाय म्हणजे ती ओळ बदलणं :

```
AllowedIPs = 0.0.0.0/0, ::/0
```

आता सगळी ये-जा नळीतूनच होईल. दोन्ही भाग लिहिणं गरजेचं आहे. पहिला भाग जुन्या पद्धतीच्या पत्त्यांसाठी, दुसरा नव्या पद्धतीच्या म्हणजे आयपीव्ही६ पत्त्यांसाठी. आपल्याकडे मोबाईल नेटवर्कवर आयपीव्ही६ सर्रास वापरलं जातं, त्यामुळे नुसता पहिला भाग लिहून निश्चिंत होऊ नका. पण एक अट आहे. तुमच्या बाजूने सगळं पाठवलं तरी संस्थेच्या सर्व्हरने ते पुढे सोडलं पाहिजे. सोडत नसेल तर ही ओळ बदलल्यावर पोर्टल उघडेल, पण बाकीचं सगळं इंटरनेट बंद पडेल. तसं झालं तर जुनी ओळ परत टाका आणि संस्थेला विचारा, ‘पत्रिकांसाठी वेगळी फाईल मिळेल का?’ आमच्या उदाहरणात संस्थेने दुसरी फाईल दिली आणि काम झालं.

दुसरी गोष्ट लगेच पुढच्या दिवशी घडली. भावालाही पोर्टल बघायचं होतं, म्हणून तीच फाईल टॅबवर टाकली. मग सुरू झाला लपंडाव. क्रोमबुकवर पान अर्धं उघडायचं आणि थांबायचं, टॅबवर चालायचं, थोड्या वेळाने उलट. नेटवर्क खराब आहे असं सगळ्यांना वाटलं. खरं कारण असं की वायरगार्डचा सर्व्हर माणसाला ओळखत नाही, किल्लीला ओळखतो. एकाच किल्लीने दोन यंत्रं बोलू लागली की ज्याची हाक शेवटी आली त्याच्याकडे तो उत्तरं पाठवतो, आणि दुसऱ्याची उत्तरं हरवतात. PersistentKeepalive मुळे दोघंही दर २५ सेकंदांनी हाक मारतच असतात, म्हणून भांडण संपत नाही. नियम एकच : जितकी यंत्रं, तितक्या फाईली. आणि ही सोय संस्थेने विद्यार्थ्याला दिलेली असते, तेव्हा भावाच्या नावाने वेगळी फाईल मिळेलच असं धरून चालू नका.

चालतंय की नाही, हे कसं ओळखायचं

वायरगार्डमध्ये बटण हिरवं झालं याचा अर्थ नळी लागली असा होत नाही. किल्ली चुकीची असली, सर्व्हर बंद असला, तरी बटण हिरवंच दिसू शकतं. म्हणून ॲपमध्ये जोडणीच्या नावावर बोट ठेवा आणि खाली Transfer बघा. तिथे tx म्हणजे गेलेली माहिती आणि rx म्हणजे आलेली. दोन्ही वाढत असतील तर नळी जिवंत आहे. tx वाढतोय आणि rx शून्यावर बसलाय, म्हणजे तुम्ही दार ठोठावताय आणि आतून कुणी बोलत नाही.

अशा वेळी आधी यंत्राचं घड्याळ बघा. बरेच दिवस बंद पडलेल्या टॅबची तारीख मागे गेलेली असते, आणि वायरगार्डचा सर्व्हर आधीपेक्षा जुन्या वेळेची हाक स्वीकारत नाही. ज्या पद्धतींमध्ये प्रमाणपत्रं लागतात तिथेही चुकीच्या तारखेने नकार मिळतो. तारीख बरोबर असेल तर जागा बदलून बघा. वायफायवर चालत नाही आणि मोबाईलच्या हॉटस्पॉटवर त्याच फाईलने चालतं, असं दिसलं तर त्या वायफायवर वायरगार्डला लागणारी यूडीपी प्रकारची वाहतूक अडवलेली असण्याची शक्यता जास्त. दोन्हीकडे चालत नसेल तर बहुधा किल्ली किंवा पत्ता चुकला आहे किंवा सर्व्हर बंद आहे, संस्थेला विचारा आणि फाईल नव्याने मागा.

rx वाढतोय पण साइटची नावं उघडत नाहीत, असंही होतं. क्रोमबुकवर Ctrl, Alt आणि T एकत्र दाबा, काळी खिडकी उघडेल. तिच्यात सर्व्हरने दिलेल्या DNS चा पत्ता तपासा :

```
ping 10.20.0.53
```

उत्तरं येत असतील तर रस्ता मोकळा आहे आणि गडबड नावांच्या ओळीत, म्हणजे DNS मध्ये आहे. ती ओळ फाईलशी ताडून बघा. उत्तर आलं नाही म्हणजे लगेच बिघाड समजू नका, काही सर्व्हर अशा हाकेला मुद्दाम उत्तर देत नाहीत.

आणखी एक चमत्कारिक लक्षण आहे : साधं पान उघडतं, पण पीडीएफ निम्म्यावर अडकतं किंवा मोठी साइट फिरतच राहते. हॉटस्पॉटवर हे जास्त होतं. नळीच्या वेष्टनामुळे माहितीचं पाकीट जाडं होतं आणि मोबाईल नेटवर्कच्या फटीतून जात नाही, असं समजा. ॲपमध्ये जोडणी संपादित करून MTU च्या रकान्यात 1280 लिहा. वेग किंचित कमी होतो, पण अडकणं थांबतं.

शेवटी प्रकाशकाला कोणता पत्ता दिसतो तेही बघावं. व्हीपीएन बंद ठेवून गुगलवर what is my ip शोधा, एखादी साइट उघडून आकडा टिपून ठेवा. मग व्हीपीएन चालू करून तेच करा. आकडा बदलला आणि संस्थेच्या नावाचा दिसला तर पत्रिका उघडणार. बदलला नाही तर वरची AllowedIPs ची गोष्ट परत वाचा.

संस्थेचं व्हीपीएन ओपनव्हीपीएन प्रकारचं असेल तर फाईल .ovpn अशी येते. क्रोमबुकच्या यादीत OpenVPN दिसतं खरं, पण ती खिडकी .ovpn फाईल सरळ घेत नाही, प्रमाणपत्रं वेगळी बसवावी लागतात आणि माणूस कंटाळतो. त्यापेक्षा प्ले स्टोअरवरचं OpenVPN Connect घ्या आणि फाईल त्यात टाका. टॅबवरही तेच.

हुशार मुलांची पळवाट

थोडं जास्त कळणारी मुलं क्रोमबुकवर लिनक्स चालू करतात आणि तिथे संगणकाचं व्हीपीएन बसवतात. बसतं, चालतंही, पण फक्त लिनक्सच्या खोलीपुरतं. क्रोम ब्राउझर त्या खोलीच्या बाहेर असतो, त्याची ये-जा नळीतून जात नाही. लिनक्सच्या आत फायरफॉक्स बसवून त्यातून पत्रिका बघितल्या तर जमेल. पण प्ले स्टोअरचं ॲप सगळ्या क्रोमबुकला लागू होत असताना हा उपद्व्याप कशाला?

क्रोम ब्राउझरची एक्स्टेन्शन मात्र वेगळीच भानगड आहे. ‘फ्री व्हीपीएन’ नावाची जी एक्स्टेन्शन मिळतात ती बहुतेक प्रॉक्सी असतात. ती फक्त ब्राउझरमधली पानं दुसऱ्याच्या सर्व्हरवरून फिरवतात. तुमच्या कॉलेजशी त्यांचा काही संबंध नसतो, म्हणून पत्रिका त्यांनी उघडणारच नाहीत. वर बसवताना ती सगळ्या साइटवरची माहिती वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी मागतात. २०१५ मध्ये होला नावाच्या फुकट सेवेबद्दल बाहेर आलं होतं की ती आपल्या ग्राहकांच्याच जोडण्या दुसऱ्यांना वापरायला देत होती. म्हणजे तुमच्या पत्त्यावरून कोण काय करतंय, तुम्हाला पत्ताच नाही. घरातल्या आयाबहिणी ज्या टॅबवरून बँकेचे व्यवहार करतात, त्यावर असलं काही बसवू नका.

बँकेवरून आठवलं. व्हीपीएन चालू असताना काही बँकांची आणि यूपीआयची ॲप्स उघडायला नकार देतात. घाबरू नका, व्हीपीएन बंद करा, व्यवहार करा, परत चालू करा. त्यासाठी अँड्रॉइडच्या सेटिंगमधला Always-on VPN हा पर्याय टॅबवर बंदच असलेला बरा. तो चालू आणि जोडीला Block connections without VPN ही चालू असेल, तर नळी तुटल्यावर पूर्ण इंटरनेट बंद पडतं आणि घरात सगळे मोबाईल कंपनीला नावं ठेवत बसतात.

शाळेने किंवा संस्थेने दिलेलं क्रोमबुक असेल तर Add connection मध्ये व्हीपीएनचा पर्यायच फिकट दिसू शकतो किंवा प्ले स्टोअर बंद असू शकतं. ते कुलूप संस्थेच्या व्यवस्थापकाने लावलेलं असतं, घरून उघडत नाही. यंत्र पूर्ण पुसून काढलं तरी नोंदणी परत लागते. त्यांनाच सांगून परवानगी घ्या.

कायद्याचं काय?

भारतात व्हीपीएन वापरणं गुन्हा नाही. केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन विकणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते आणि दिलेले आयपी पाच वर्षं जपून ठेवायचे आहेत. त्यानंतर काही परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. संस्था किंवा कंपनी आपल्याच लोकांसाठी जे व्हीपीएन चालवते, त्याला हा नोंदी ठेवण्याचा नियम लागू नाही, असा खुलासाही नंतर झाला. पण तुमच्या कॉलेजच्या सर्व्हरवर कोण कधी आलं याची नोंद कॉलेज ठेवू शकतं. नळीतून तुम्ही जे कराल ते कॉलेजच्या पत्त्याने जाईल, म्हणून काम झालं की व्हीपीएन बंद करायची सवय लावा. एका दिवसात शेकडो पीडीएफ उतरवले तर प्रकाशक पूर्ण संस्थेचा पत्ताच बंद करतो. त्याचा त्रास बाकीच्या सगळ्या विद्यार्थ्यांना होतो.

आपल्या जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांत कुणी ना कुणी आखातात कामाला आहे, त्यांच्यासाठी एवढंच वेगळं सांगतो. संयुक्त अरब अमिरातीत कंपनीच्या कामासाठी कंपनीचं व्हीपीएन वापरायला हरकत नाही. पण गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी पत्ता बदलला, तर तिथल्या २०२१ च्या सायबर कायद्यात कैद आणि ५ लाख ते २० लाख दिरहम दंडाची तरतूद आहे. घरी व्हिडिओ कॉल लागत नाही म्हणून इथून एखादं फुकट ॲप लिंक करून भाईजानला पाठवण्याआधी तिथे परवानगी असलेली कॉलिंग ॲप्स कोणती, ते त्यांना त्यांच्या कंपनीत विचारायला सांगा.

मेल लिहायचा असेल तर नमुना असा ठेवा, मराठीत किंवा इंग्रजीत, कसाही चालेल : ‘माझ्याकडे क्रोमबुक आहे आणि एक अँड्रॉइड टॅब आहे. विंडोजची फाईल चालत नाही. आपलं व्हीपीएन कोणत्या प्रकारचं आहे आणि सर्व्हरचा पत्ता काय आहे, ते कळवावं. वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएन असेल तर दोन यंत्रांसाठी दोन वेगळ्या फाईली द्याव्यात. मला बाहेरच्या प्रकाशकांच्या पत्रिका वाचायच्या आहेत, म्हणून सगळी वाहतूक व्हीपीएनमधून जाईल अशी फाईल हवी आहे.’ शेवटचं वाक्य गाळू नका. मेहकरच्या मुलीचे जे तीन दिवस गेले, ते या एका वाक्याअभावी गेले.